‘येते हं’ आणि ‘आउफ वीडरझेएन’

आमच्या खारबावच्या स्टेशनावर सकाळची गाडी धरायची म्हणजे घरापासून फलाटापर्यंत दहा जणांना तरी उत्तर द्यावं लागतं. “काय काकू, कुठं निघालात?” हा पहिला प्रश्न. “चहा झाला का?” हा दुसरा. दुपारची वेळ असली तर “जेवलात का?” आता विचारणाऱ्याला मी वसईला चालले की दिव्याला, याच्याशी काही देणंघेणं नसतं आणि मी जेवले नसेन तर तो काही मला ताट वाढणार नसतो. “हे काय, इथंच!” एवढं म्हटलं तरी काम भागतं. दोघंही हसतो आणि आपापल्या वाटेला लागतो. आपल्याकडचा नमस्कार हा असा पुष्कळदा प्रश्नाच्या रूपात येतो. तो प्रश्न नसतोच, हे मला साठीनंतर जर्मनीत जाऊन कळलं.

माझी लेक आणि जावई गेली काही वर्षं जर्मनीच्या नैर्ऋत्येला श्टुटगार्ट शहरात राहतात. हे शहर १९६८ पासून आपल्या मुंबईचं जोडशहर आहे. भातलावणी आटोपल्यावर मी तिकडे निघाले. भेटीच्या व्हिसावर नव्वद दिवसांहून जास्त राहता येत नाही, तेव्हा कापणीच्या सुमाराला परत यायचं ठरलं होतं. जाताना मेतकूट, कोकम, भाजणी सगळं बांधून नेलं. पण दारात भेटलेल्या माणसाशी पहिलं वाक्य काय बोलायचं, याची तयारी मात्र कुणीच करून दिली नव्हती.

लेकीची इमारत चार मजल्यांची, आठ बिऱ्हाडांची. बरोबर खालच्या मजल्यावर एक वयस्क बाई एकट्या राहतात. आपण त्यांना खालच्या बाई म्हणू. पहिल्याच आठवड्यात त्या जिन्यात भेटल्या. हातात पिशवी, डोक्याला टोपी. मी सवयीनं नातवाला म्हटलं, “विचार त्यांना, कुठं निघालात?” सहा वर्षांच्या पोरानं इमानेइतबारे विचारलं. बाई थांबल्या, पिशवी खाली ठेवली आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे कितीला जायचं आहे, ट्राम कुठली, परत कधी येणार, सगळं सांगितलं. वर काळजीनं विचारलं, “तुम्हाला काही आणून हवं आहे का?” त्यांना वाटलं, एवढं विचारतेय त्या अर्थी हिचं काही काम असणार!

संध्याकाळी लेक म्हणाली, “आई, इथं ‘कुठं निघालात’ म्हटलं की खरी चौकशी वाटते. बाई प्रेमळ म्हणून त्यांनी सांगितलं. दुसऱ्या कुणी ‘तुम्हाला कशाला पंचायती’ असा चेहरा केला असता. ‘कसे आहात’सुद्धा इथं ओळखीच्यालाच विचारतात आणि विचारलं की उत्तर ऐकायला थांबतात. दुकानातल्या मुलीला कुणी ते विचारत नाही.”

“मग म्हणायचं तरी काय?”

“ग्र्यूस गोट म्हण.”

त्या भागात, म्हणजे दक्षिण जर्मनीत आणि शेजारच्या ऑस्ट्रियात, भेटल्यावर ‘ग्र्यूस गोट’ म्हणायची चाल आहे. शब्दांचा अर्थ, देव तुझं भलं करो असा. म्हणणारा देवभोळा असतोच असं नाही, निघून जातं तोंडातून. मी म्हटलं, अगं, मग हा आपला ‘राम राम’च की! दुसऱ्या दिवसापासून मी अडखळत का होईना, ‘ग्र्यूस गोट’ म्हणू लागले आणि त्याबरोबर हात जोडू लागले. हात जोडणं अडलं नाही. २०२० च्या साथीनंतर हस्तांदोलन बरंच कमी झालंय, त्यामुळे माझ्या जोडलेल्या हातांचं कुणाला नवल वाटेना. फक्त एक गोष्ट लेकीनं बजावली होती, ती म्हणजे हात जोडताना मान खाली घालू नकोस, समोरच्याच्या डोळ्यांकडे बघ. मोठ्यांपुढे नजर खाली ठेवणं हा आपल्याकडे विनय. तिथं मात्र नजर चुकवली तर माणूस काही लपवतोय की काय असं वाटतं.

प्रश्नाच्या रूपातला नमस्कार तिथं अजिबात नाही असंही नाही हं. जावयाच्या कचेरीत अकरा वाजले की जो तो एकमेकांना ‘माल्त्साइट’ म्हणतो. शब्दाचा अर्थ जेवणवेळ. जिन्यात, दाराशी, अगदी हात धुण्याच्या खोलीबाहेरसुद्धा! जावयाला आधी वाटलं, हे लोक जेवायला बोलावताहेत. एकदा तर तो डबा घेऊन निघाला आणि म्हणणारा माणूस पार दुसरीकडे गेला. नंतर उमगलं, उत्तर म्हणून आपणही ‘माल्त्साइट’ म्हणायचं, बस्स! आपल्या ‘जेवलास का’चंच हे भावंड. आता ती सगळी मंडळी जेवायला बसली की आधी ‘गूटेन आपेटीट’ म्हणतात आणि जावई त्यांच्यापाठोपाठ ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो. पंगतीत यजमानानं म्हणायचं वाक्य, पण अर्थ समजावून दिल्यावर ते त्याच्या टेबलावर सगळ्यांना इतकं आवडलं, की एखाद्या दिवशी तो विसरला तर आठवण करून देतात.

इथं मला एक गोष्ट कळली. आपली वाक्यं शब्दाला शब्द लावून तिकडे नेली की फसतात. पण तो शब्द आपल्याकडे जे काम करतो, तेच काम तिकडे कुठला शब्द करतो हे हुडकलं, की जोडी बरोबर जमते. ‘कुठं निघालात’चं काम तिथं ‘ग्र्यूस गोट’ करतं आणि ‘जेवलात का’चं काम ‘माल्त्साइट’.

सगळ्यांत नाजूक प्रकरण मात्र ‘तू’ आणि ‘तुम्ही’चं. जर्मन भाषेत आपल्यासारखेच दोन शब्द आहेत, ‘डू’ म्हणजे तू आणि ‘झी’ म्हणजे तुम्ही. आपल्याला वाटतं, हे तर सोपं, घरचंच! पण विभागणी निराळी आहे. आपण वयाला आणि नात्याला मान म्हणून ‘तुम्ही’ म्हणतो. आईला तू, वडिलांना पुष्कळ घरांत तुम्ही, सासूबाईंना अहो. तिथं घरातल्या झाडून सगळ्यांना ‘डू’, अगदी पणजोबांनासुद्धा. ‘झी’ असतं ते परक्या मोठ्या माणसाला. म्हणजे त्यांचं ‘झी’ मान दाखवतं आणि अंतरही. हे अंतर कुणी मिटवायचं याचा नियम आहे. वयानं किंवा पदानं जो मोठा, त्यानं आपणहून म्हणायचं, “आपण आता एकमेकांना डू म्हणू या.” धाकट्यानं आधी म्हणायचं नाही.

लेकीच्या कचेरीतली तरुण मंडळी पहिल्या दिवसापासून एकमेकांना ‘डू’च म्हणतात. आता बऱ्याच ठिकाणी तशी पद्धत झाली आहे. पण तिच्या विभागात एक जुने गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले. त्यांच्याशी दोन वर्षं ‘झी’ चाललं. मग एके दिवशी कॉफी पिताना त्यांनी आपलं पहिलं नाव सांगून हात पुढे केला. लेकीनं हात मिळवला, आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी सवयीनं पुन्हा ‘झी’! वडिलांच्या वयाच्या माणसाला अरेतुरे करायला जीभच वळेना. चारपाच वेळा असं झालं आणि ते गृहस्थ हळूहळू गप्प झाले. कामापुरतं बोलायचे. तिला काही कळेना. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं फोड करून सांगितलं, “त्यांनी तुला जवळ केलं आणि तू त्यांना परत दाराबाहेर उभं केलंस. दिलेलं डू परत करणं म्हणजे नातं तोडणं.”

लेक त्यांच्याकडे गेली आणि खरं ते सांगितलं, “माझ्या भाषेत मी माझ्या वडिलांनाही तुम्ही म्हणते. तुम्हाला म्हटलं ते त्याच ओढीनं.” ते खूप हसले. म्हणाले, “मग मला तुमच्या भाषेतलं तुम्ही चालेल, पण जर्मनमधलं नको!” त्या दिवसापासून ती त्यांना जर्मन बोलताना ‘डू’ म्हणते आणि सकाळी आल्या आल्या मराठीत ‘नमस्कार’. दोन्ही ठिकाणचा मान राहिला.

याचीच उलटी बाजू घरात दिसली. व्हिडिओ कॉलवर नातू आपल्या आजोबांना म्हणाला, “आजोबा, तू जेवलास का?” इकडे खारबावला आमचे हे हसले, पण बाजूला बसलेल्या थोरल्या जाऊबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. “मुलाला वळण नाही!” माझ्याही मनात तेच आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण पोराच्या बाजूनं बघा. शाळेत शिकलेल्या भाषेत ‘झी’ परक्यांना म्हणायचं असतं. आजोबा का परके आहेत? लेकीनं त्याला नियम म्हणून शिकवलं नाही. ‘मराठीत आजोबांना तुम्ही म्हणतात, कारण ते लाडके आणि मोठे’ असं सांगितलं. आता निम्म्या वेळा ‘तुम्ही’ येतं, निम्म्या वेळा ‘तू’. ह्यांना दोन्ही गोड लागतं.

एक चूक माझ्याकडून अशी झाली, की ती आठवली की अजून कानकोंडं व्हायला होतं. खालच्या बाईंचा ऐंशीवा वाढदिवस सप्टेंबरात होता. नातवानं तारीख काढून आणली होती. पण नेमके त्या दिवसांत आम्ही म्यूनिकला जाणार होतो. मी म्हटलं, राहून जायला नको, निघण्याआधीच शुभेच्छा देऊ. ओल्या नारळाच्या वड्या केल्या, जर्मन वाक्य चार दिवस घोकलं आणि दोन दिवस आधी त्यांच्या दारात जाऊन म्हटलं. बाईंचा चेहरा एकदम उतरला. ताटली घेतली, आभार मानले आणि दार हलकेच लावून घेतलं. मला वाटलं, त्यांना नारळ चालत नसावा.

रात्री लेकीनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. जर्मनीत वाढदिवसाच्या शुभेच्छा आगाऊ द्यायच्या नसतात. अपशकुन मानतात. तो दिवस माणूस बघेल की नाही हे आधी कोण सांगणार, अशी त्यामागची भीती. उशिरा दिल्या तर चालतं, त्यासाठी वेगळा शब्दही आहे, पण एक दिवससुद्धा आधी नाही. नव्या वर्षाचंही तसंच. बारा वाजेपर्यंत नुसतं ‘सुखरूप सरका पलीकडे’ अशा अर्थाचं म्हणतात, अभिनंदन बारा वाजल्यावर.

म्यूनिकला मला गोड लागेना. ऐंशी वर्षांची एकटी बाई, आणि तिला मी जाऊन अपशकुन केला! पण आपल्याकडे तरी काय आहे? बाळ जन्माला येण्याआधी त्याचे कपडे शिवत नाहीत, पाळणा आणत नाहीत. कुणी आधीच पेढे मागितले तर आपल्या काळजात चर्र होतंच ना? तेव्हा त्यांना वाईट वाटलं यात वेडेपणा काहीच नव्हता.

परत आल्यावर लेकीला बरोबर घेऊन गेले. आधी चूक कबूल केली. मग विचारलं, “आमच्याकडे वाढदिवसाला ओवाळतात. चालेल का?” कुंकू लावणार, दिवा लावणार, हे आधी सांगून त्यांची परवानगी घेतली. कुणाच्या कपाळाला न विचारता हात लावायचा नाही. निरांजन घरून पेटवून नेलं नाही, कारण जिन्यातून ज्योत नेणं तिथं धोक्याचं समजतात. त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलावर ताम्हन ठेवलं, त्यात सुपारी, माझी अंगठी, अक्षता आणि निरांजन. बाईंना खुर्चीवर बसवलं, कुंकू लावलं, अंगठी-सुपारीनं ओवाळलं, मग दिव्यानं. लेकीनं सांगितलं, की आमच्यात ऐंशी ओलांडली की माणसानं जवळजवळ हजार पौर्णिमेचे चंद्र बघितलेले असतात, म्हणून मोठा सोहळा करतात. बाई बराच वेळ त्या ज्योतीकडे बघत राहिल्या. मग माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या, “माझे चंद्र आजवर कुणी मोजले नव्हते.” हजार नेमके कधी भरतील ते मात्र मी सांगितलं नाही. म्हटलं, पुन्हा आगाऊ नको!

त्यानंतर जिन्यातलं आमचं बोलणं वाढलं. आणि जिना हेच त्या गावात शेजाराचं खरं अंगण. श्टुटगार्टच्या त्या प्रदेशात ‘केअरवोखं’ नावाची पद्धत आहे, म्हणजे झाडण्याचा आठवडा. ज्याची पाळी, त्याच्या दाराला एक छोटी पाटी लटकते. त्यानं त्या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना झाडून ओल्या फडक्यानं पुसायचा. मोठी पाळी असली तर दारापुढची फरशी आणि तळघरसुद्धा. शनिवारी ते उरकून पाटी पुढच्या दाराला लावायची. पाटी आली आणि जिना तसाच राहिला, तर कुणी तोंडावर बोलत नाही, पण ‘ग्र्यूस गोट’ जरा कोरडं होतं. मी अंगण सारवून मोठी झालेली बाई, मला हे काम जड नव्हतं. आमची पाळी असली की मी जिना पुसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी हसायची. आठव्या आठवड्यात आठही बिऱ्हाडं मला ओळखत होती. तीन वाक्यांच्या जर्मनवर!

दिवाळी माझ्या मुक्कामातच आली. पहाटेच्या अभ्यंगस्नानाची अडचण होती, कारण रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ, आणि नळाचा आवाज भिंतीतून खाली जातो. लेकीनं आठवडाभर आधी खालच्या दाराशी चिठ्ठी लावली. आमचा सण आहे, अमुक दिवशी पहाटे पाण्याचा आवाज होईल, क्षमस्व, आणि संध्याकाळी फराळ घेऊन येऊ. एका शेजाऱ्यानं खाली ‘सणाच्या शुभेच्छा’ असं लिहूनही ठेवलं. मग मला हसू आलं, ‘अहो, आगाऊ?’ पण सणाला तो नियम नाही म्हणे. फराळाच्या प्रत्येक ताटलीबरोबर चिठ्ठी होती, कशात काजू आहेत, कशात शेंगदाणे, कशात गहू, तिखट काय. दाण्यांचं वावडं असलेली माणसं तिथं बरीच, आणि न विचारता दिलेलं त्यांना खाता येत नाही.

बाई घरी येऊ लागल्या तसा आणखी एक घोटाळा कळला. त्यांनी घंटी वाजवली की मी दार उघडून मोठ्या हौसेनं “या, या!” म्हणायची. आणि जर्मन भाषेत ‘या’ म्हणजे हो! एकदा म्हटलं तर ठीक. पण ‘या, या’ असं दोनदा म्हटलं की त्याचा अर्थ होतो, ‘बरं बरं, कळलं, पुरे आता.’ बिचाऱ्या बाई तीन आठवडे तसं ऐकूनही येत राहिल्या. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं.

राहता राहिला निरोप. नातू शाळेला जाताना “आजी, मी जातो” म्हणायचा. दर वेळी माझ्या छातीत धस्स व्हायचं. आपल्यात ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. लेक म्हणाली, “तो जर्मनमधलं ‘मी जातो’ मराठीत आणतो गं. त्याला काय माहीत?” रागावून काही होणार नव्हतं. मी त्याला विचारलं, “खालच्या बाई निघताना काय म्हणतात रे?” तो म्हणाला, “आउफ वीडरझेएन.” “म्हणजे?” त्यानं विचार केला. “वीडर म्हणजे पुन्हा. झेएन म्हणजे बघणं. पुन्हा भेटेपर्यंत.” मी म्हटलं, “आपलं ‘येतो’ म्हणजे तेच. जातोय, पण परत येणार आहे.” त्यानं डोळे मोठे केले. “मग तुम्ही लोक नुसतं शेवटचंच म्हणता!” दुसऱ्या दिवशी दप्तर पाठीला लावून दारातून ओरडला, “आजी, येतो!”

नव्वद दिवस भरले. टॅक्सी दाराशी उभी होती. खालच्या बाई काठी टेकत उतरून आल्या होत्या. मी हात जोडून म्हटलं, “येते हं.” नातवानं त्यांना हळूच सांगितलं, की मागे राहणाऱ्यानं काय म्हणायचं असतं. बाईंनी काठी हाताला अडकवली, दोन्ही हात जोडले, माझ्या डोळ्यांकडे सरळ बघितलं आणि म्हणाल्या, “या.”

एकदाच म्हणाल्या. दोन्ही भाषांत बरोबर होतं.